मदत हवी आहे : झोपेची गोळी आणि रात्रीचे पेय घेतलेली आजी कथेत कशी वागेल?

अर्धविराम: मी एक लघुकथा लिहीत असून तिच्या एकाच प्रसंगावर आठ दिवस अडलो आहे. 78 वर्षांची आजी झोपेची गोळी आणि नेहमीचे रात्रीचे पेय एकत्र घेते व मध्यरात्री गोंधळलेल्या अवस्थेत नातीला दिसते. ती नेमकी कशी वागेल? कथा परवा पाठवायची आहे.

शंकेखोर: गोळी कोणती, आणि पेय म्हणजे दूध की मद्य? दोन्ही केव्हापासून चालू आहे, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अर्धविराम: पेय म्हणजे ब्रँडी, हे उघड आहे असे वाटले होते. ती रोज 60 मिलिलीटर, 20 वर्षांपासून घेते. गोळी झोल्पिडेम 10 मिलिग्रॅमची, चार दिवसांपूर्वी सुरू झालेली.

माजघर: आपल्या आजींची प्रकृती आता कशी आहे? माझ्या सासूबाई अशाच असंबद्ध बोलू लागल्या, तेव्हा आम्ही गोळीला दोष देत बसलो आणि निघाला लघवीचा जंतुसंसर्ग. आधी तपासणी करून घ्यावी.

अर्धविराम: आजी कथेतली आहे हो, सुखरूप आहे.

रातराणी: दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवले की काही होत नाही. माझे वडील तसेच करत असत.

निवृत्त परिचारिका: अंतर ठेवल्याने परिणाम थोडा कमी होईल, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही, त्या संध्याकाळी मद्य घेतले असेल तर ही गोळी घेऊच नये. वयानुसार शरीरातले पाणी कमी होते, म्हणून तेच 60 मिलिलीटर आता आजीला अधिक चढते, आणि त्यावर गोळी मेंदूला आणखी मंदावते. शिवाय वृद्धांना सहसा 5 मिलिग्रॅमच देतात, तेव्हा 10 कोणी लिहून दिली, हे जाणता वाचक विचारेलच.

प्रसंगात आजीला आरडाओरडा करायला लावू नका. ती भिंत धरून चालेल, पहाट झाली असे समजून बाहेर जायचे कपडे कपाटातून काढील, नातीला उत्तर देता देता वाक्य अर्ध्यावर सोडील आणि सकाळी तिला यातले काही आठवणार नाही. गोळी घेतल्याचेच विसरून ती दुसरीही घेऊ शकते, म्हणून नातीने पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात. हलवूनही ती जागी होत नसेल किंवा श्वास संथ झाला असेल, तर मात्र नातीने रुग्णवाहिकाच बोलवावी.

रातराणी: वडिलांना कधी काहीच झाले नाही.

निवृत्त परिचारिका: त्यांची गोळी कोणती होती?

शंकेखोर: मग नात त्याच रात्री बाटली ओतून टाकते, असा शेवट करावा.

निवृत्त परिचारिका: तसे करू नये. रोज बरेच मद्य घेणाऱ्याचे ते एकाएकी बंद झाले, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात आणि भासही होऊ शकतात. 60 मिलिलीटर खरेच 60 असेल तर ती भीती कमी. पण घरोघरी सांगितलेले माप आणि ओतलेले माप एक नसते. बाटली किती दिवसांत संपते?

अर्धविराम: 750 ची बाटली साडेबारा दिवस पुरायला हवी. मी मात्र पहिल्याच पानावर नातीला ती दर रविवारी आणायला पाठवले आहे.