सोसायटीच्या पार्किंगचा नियम लेखी करायचा आहे (सांगली) : मदत हवी आहे

वारणाकाठ
सांगलीत विश्रामबागला आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. इमारत २०१३ ची. इमारतीखाली आणि बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात मिळून १७ चारचाकी नीट लागतात. २० फ्लॅटमध्ये निदान एक गाडी आहे. त्यातल्या १५ घरांत मालक स्वतः राहतात, चार फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. विसावे मालक पुण्यात असतात. त्यांचा फ्लॅट बंद असतो, पण कव्हर घातलेली गाडी वर्षभर खाली उभी असते. शिवाय तीन घरांत दुसरी गाडीही आहे. पाहुण्यांसाठी एकही जागा नाही.

आजवर जो आधी येईल तो लावेल, असंच चाललं. याचा सगळ्यात जास्त त्रास एका भाडेकरू ताईंना होतो. त्या मिरजेला हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. रात्री उशिरा ड्युटी संपवून येतात तेव्हा आत दुसऱ्या गाड्या उभ्या असतात आणि त्यांना रस्त्यावर लावून चालत यावं लागतं. सचिव म्हणून मला हे पटत नाही.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत नियम मंजूर करून घ्यायचा आहे. मालक, भाडेकरू आणि पाहुणे यांना जागा कशा वाटाव्यात? कुणी असा नियम लिहिला असेल तर सांगा.

कर्नाळ_रोड
मी याच सोसायटीतला मालक. उपविधी उघडा. तिथं 'सभासद' असा शब्द आहे. भाडेकरू सभासद नाही, म्हणजे त्याला हक्क नाही. आधी सगळ्या मालकांना द्या, उरलं तर भाडेकरूंना. यात सभा कशाला हवी?

अजिंक्यतारा
आमच्याकडे साताऱ्यात हा प्रश्नच आला नाही. घोषणापत्रातच कुठल्या फ्लॅटला कुठलं पार्किंग ते नंबर घालून दिलंय. मालक भाड्यानं देतो तेव्हा पार्किंगही सोबत जातं. तुमचं घोषणापत्र काढून बघा, सगळं मिटेल.

जुना_सचिव
अजिंक्यतारा, तुमचं अपार्टमेंट आहे, १९७० च्या कायद्याखालचं. सांगली-साताऱ्यात अशा इमारती पुष्कळ आहेत. धागाकर्त्यांची नोंदणीकृत सहकारी सोसायटी आहे, तिला घोषणापत्र नसतं. तिथं आदर्श उपविधी लागतात.

वारणाकाठ, उपविधींचा सांगाडा असा आहे. जागांवर नंबर टाकायचे. ज्याच्याकडे गाडी आहे त्या सभासदाला साधारणपणे एकच जागा. जागा उरल्या तरच दुसऱ्या गाडीला, तीही वर्षापुरती, आणि एकही जागा नसलेल्या सभासदानं मागितली की परत घ्यायची. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते, आणि ज्याला जागा मिळाली त्यानं गाडी लावो न लावो, ते भरायचं.

आता तुमचा हिशेब. १७ पैकी एक जागा पाहुण्यांसाठी आधीच बाजूला काढा. वाटप झाल्यावर काढू म्हटलं की ती कधीच निघत नाही. उरल्या १६. इथं खरी अडचण आहे. कर्नाळ_रोड यांचं वाचन लावलं तर १५ मालक आणि पुण्याचे एक मिळून १६ जागा संपतात, चारही भाडेकरू बाहेर. ते अर्धं बरोबर आहेत: उपविधी सभासदाच्या गाडीबद्दलच बोलतात. पण भाडेकरूची गाडी लावू देऊ नका, असंही त्यात कुठं नाही. माझ्या मते सभेत ठराव करा की जागा फ्लॅटमागे एक, अर्ज सभासदाच्याच नावानं, आणि त्याचा भाडेकरू ती वापरू शकेल. भाडेकराराची आणि गाडीच्या आरसीची प्रत अर्जाला जोडायची.

कर्नाळ_रोड
आणि मी इथं राहून, गाडी बाळगून, एखाद्या वर्षी भाडेकरूमुळं बाहेर राहायचं? सभेत मी विरोध करीन.

जुना_सचिव
करा, तो तुमचा हक्क आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भाडेकरूला वगळलं की ते चारही मालक स्वतःची गाडी दाखवून अर्ज करतील आणि जागा भाडेकरूलाच देतील. तेव्हा तुम्ही काय तपासणार? शिवाय फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल ते मालक सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क भरत असतील.

चिठ्ठ्यांचं असं करा. २० फ्लॅट, १६ जागा, म्हणजे दरवर्षी चार फ्लॅट बाहेर राहणार. जे एकदा बाहेर राहिले त्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांची पाळी होईपर्यंत टाकायच्याच नाहीत, त्यांची जागा पक्की. उरलेल्यांतून पुन्हा चार बाहेर. असं पाच वर्षांत प्रत्येक फ्लॅट बरोबर एकदा बाहेर राहतो. सभेत हे फळ्यावर मांडून दाखवा, निम्मा आवाज तिथंच कमी होतो. मध्येच कुणी गाडी घेतली तर त्याचं नाव प्रतीक्षा यादीत, चिठ्ठी पुढल्या वर्षी.

वारणाकाठ
हे फार उपयोगी पडेल. अजून एक अडचण आहे. तिघांकडे बिल्डरनं दिलेलं पार्किंगचं पत्र आहे, त्यासाठी त्यांनी पैसेही मोजलेत. ते म्हणतात आमच्या जागेवर चिठ्ठी टाकायची नाही.

जुना_सचिव
इमारत २०१३ ची, म्हणजे रेराच्या आधीची. इमारतीखालचं किंवा मोकळं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१० लाच सांगितलंय. नुसतं पत्र असेल तर त्यावर सोसायटी बांधील नाही, असं माझं मत. पण त्यांच्या नोंदणीकृत करारात पार्किंगचा उल्लेख आहे का ते आधी बघा. असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हात घालू नका.

शिल्पा_मिरज
पाहुण्यांच्या जागेबद्दल सांगते. आमच्याकडे जागा ठेवली, पाटीही लावली, आणि दोन महिन्यांत तिथं एका सभासदाची दुसरी गाडी कायमची उभी राहायला लागली. शेवटी वॉचमनकडे वही ठेवली. गाडी नंबर, कुणाकडे आले, किती वाजता. घरच्यांच्या गाड्यांना स्टिकर दिले, म्हणजे स्टिकरवाली गाडी पाहुण्यांच्या जागी दिसली की लगेच कळतं. मुक्कामाचे पाहुणे असतील तर सलग दोन रात्री, त्यापुढं सचिवांना विचारायचं. दंडाची रक्कम सभेतच ठरवून घ्या, नाहीतर नोटीस दिल्यावर भांडणं होतात.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार. ठरावाचा मसुदा टाकतोय, बघा.

"सोसायटीत १ ते १७ क्रमांकाच्या जागा राहतील. क्र. १७ पाहुण्यांसाठी राखीव. उरलेल्या जागा गाडी असलेल्या प्रत्येक फ्लॅटला एक याप्रमाणे, सभासदाच्या अर्जावर, एक वर्षासाठी देण्यात येतील. सभासदाचा भाडेकरू ती जागा वापरू शकेल. अर्ज जास्त आल्यास सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकण्यात येतील. एकदा वगळलेल्या फ्लॅटला, बाकी सर्व फ्लॅट एकेकदा वगळले जाईपर्यंत, पुन्हा वगळले जाणार नाही. फ्लॅट विकल्यास जागा नव्या मालकाकडे जाईल."

जुना_सचिव
शेवटचं वाक्य काढा. सभासदाला जागा विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ते वाक्य ठेवलंत तर उद्या फ्लॅटच्या किमतीत पार्किंगची किंमत धरली जाईल. 'जागा समितीकडे परत येईल आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या फ्लॅटला उरलेल्या वर्षासाठी मिळेल' असं लिहा. आणि 'भाडेकरू वापरू शकेल' याच्यापुढं 'तिसऱ्या व्यक्तीला देता येणार नाही' हे जोडा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. त्या विषयपत्रिकेत हा मसुदा शब्दशः छापा, ऐनवेळच्या विषयात घेऊ नका.

वारणाकाठ
दोन्ही बदल केले. पुण्याच्या मालकांच्या बंद गाडीचं काय?

जुना_सचिव
ते सभासद आहेत, गाडी त्यांची आहे, शुल्क भरतील. त्यांची चिठ्ठी टाकावीच लागेल. वापरात नसलेल्या गाडीला जागा देऊ नये असं सभेला वाटलं तर तो वेगळा ठराव होईल, आणि तो टिकेल की नाही याबद्दल माझं मत पक्कं नाही. त्यांना फोन करून विचारून बघा.

कर्नाळ_रोड
मसुदा वाचला. भाडेकरूच्या वाक्यावर मतदान घ्या आणि कोण बाजूनं, कोण विरोधात ते इतिवृत्तात लिहा. बाकीला माझी हरकत नाही.