मदत हवी आहे: कांद्याच्या भावाची बातमी बाजार समितीच्या आकड्यांवरून कशी लिहायची?

पिंपळपार:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या पेपरात काम करतो, कांद्यावर मोठी बातमी करायला घेतलीये. आमच्या समितीच्या एका दिवसाच्या तक्त्यात उन्हाळ कांदा क्विंटलला किमान 300, कमाल 1,351 आणि सर्वसाधारण 1,000 असा आहे. त्याच दिवशी एका शेतकऱ्याची पट्टी मला मिळाली, 20 क्विंटल, भाव 850, म्हणजे 17,000, त्यातून हमाली-तोलाई 240 गेली आणि ट्रॉलीचं भाडं त्याने वेगळं 1,800 दिलं, म्हणजे हातात 14,960. डेस्कवरून सांगतायत की हेडिंग "कांदा 300 वर, बळीराजा रडला" असं दे. मला ते पटत नाही, पण नुसता 1,000 लिहिला तर त्या माणसाचं काय झालं तेच दिसत नाही. कसं करू?

मळेकर_निफाड:
1,000 वगैरे सगळं कागदावर. आधी आडत कापा त्यातून, मग कळेल शेतकऱ्याला काय मिळतं. 6 टक्के तिथेच जातात.

जुना_लिलाववाला:
मळेकर भाऊ, आडत 2016 पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची असा नियम झालाय. कुठे कापली जात असेल तर तीच बातमी आहे, पण पट्टीवर आडतीची ओळ दिसायला हवी, ऐकीव चालणार नाही.

आता पिंपळपार, तुझ्या मुद्द्यावर. लिलावात बरीच वर्षं उभा राहिलोय म्हणून सांगतो, किमान भाव बहुतेक वेळा एखाद्या गोल्टीच्या नाहीतर भिजलेल्या मालाच्या ट्रॉलीचा असतो. 300 चं हेडिंग दिलंस तर दुसऱ्या दिवशी व्यापारीच काय, शेतकरीसुद्धा म्हणतील आमचा तर 900 ला गेला. सर्वसाधारण म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला तो, ती किमान-कमालची सरासरी नाही. तुझ्याच तक्त्यात सरासरी काढली तर साधारण 825 येते आणि सर्वसाधारण 1,000 आहे, बघ किती फरक. म्हणून बातमी 850 वर उभी कर, बाजूला 1,000 ठेव, आणि शेतकऱ्याला विचार 150 कमी का मिळाले. काजळी धरलेली का, कोंब आलेले का, गोल्टा मिसळलेला का. ते उत्तर हीच बातमी.

आवक_जावक:
+1. आणि महिन्याचा भाव काढताना रोजचे भाव नुसते बेरीज करून भागू नकोस. समजा सोमवारी 2,000 क्विंटल आले, भाव 1,200, आणि शुक्रवारी 10,000 आले, भाव 800. साधी सरासरी 1,000 येते, पण आवकेचं वजन धरलं तर 867 च्या आसपास. बहुतेक शेतकऱ्यांचा माल शुक्रवारच्या भावात गेलाय ना, मग 1,000 कुणाला मिळाला?

सोयाबीनवाली_ताई:
आमच्याकडे सोयाबीनला ओलावा दाखवून भाव पाडतात, त्यावर कुठे तक्रार करायची कुणी सांगेल का? कांद्याला तरी बातमी होते.

जुना_लिलाववाला:
ताई, त्याला वेगळा धागा काढा, लिहितो मी. इथलं एवढंच की ओलाव्याचा आकडा पट्टीवर लिहून मागत जा.

पिंपळपार, फेब्रुवारी 2023 मधली सोलापूरची बातमी आठव. 512 किलो कांदा, किलोला 1 रुपया, वाहतूक-हमाली-तोलाई वजा जाऊन चेक 2 रुपयांचा. बातमी खरी होती. पण बऱ्याच ठिकाणी चेकचा फोटो लावून थांबले. खर्च गोणीवर असतो, तो भावाबरोबर कमी होत नाही, म्हणून भाव पडला की सगळी रक्कम खर्चातच जाते, हे सांगितलं की दोन रुपये आपोआप कळतात, रडवायची गरजच पडत नाही.

पिंपळपार:
हे खूपच उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे पट्टीच्या ओळी तशाच द्यायच्या आणि हातात क्विंटलला 748 पडले हे सांगायचं. पण उत्पादन खर्च कुठला धरू? शेतकरी 1,500 सांगतोय, त्यात घरच्यांची मजुरी धरलीये. दुसरा एक जण 900 सांगतो, त्याने धरली नाही.

मळेकर_निफाड:
घरची मजुरी धरायलाच पाहिजे, बायको-पोरं फुकट राबतात का?

आवक_जावक:
धर, पण किती दराने ते लिही. शिवाय चाळीत घट होते, एप्रिलचे 100 क्विंटल ऑक्टोबरला 70 च राहिले तर खर्च 70 वर भागायचा. माझ्या मते दोन्ही आकडे द्यावेत.

जुना_लिलाववाला:
दोन आकडे दिले की डेस्क मोठाच उचलणार. मी तरी रोख खर्चाचाच देईन आणि मजुरीचे दिवस वेगळे लिहीन. यावर आमचं एकमत होणार नाही, बघ तुला काय झेपतं. एक मात्र कर, शेतकऱ्याचं नाव छापायच्या आधी त्याला पूर्ण मजकूर वाचून दाखव, कारण खर्च आणि कर्ज गावात वाचलं जातं.

पिंपळपार:
उद्या त्याच्याकडे जातोय, पट्टी आणि बियाण्याची पावती दोन्ही बघून परत लिहितो.