मदत हवी आहे: बेफानाची इटालियन गोष्ट सोप्या मराठीत, पण मोज्यातला कोळसा कसा समजावू?

शाईची_दौत
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या हिंदी भाषिक प्रौढांच्या मराठी वाचनवर्गासाठी बेफानाची लोककथा इटालियनमधून उतरवते आहे. वाचकांना अक्षरं येतात, रोजची शे-पाचशे मराठी वाक्यं कळतात, पुस्तकी मराठी जड जाते.

गोष्ट अशी. तीन राजे बाळ येशूला भेटायला बेथलेहेमला निघालेत, वाटेत एका म्हातारीला रस्ता विचारतात आणि सोबत चल म्हणतात. ती घर झाडत असते; काम आहे म्हणून नाही म्हणते. मग पस्तावते, खाऊची टोपली घेऊन निघते, पण बाळ सापडत नाही. म्हणून दरवर्षी 5 जानेवारीच्या रात्री ती झाडूवर बसून घरोघरी जाते आणि मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवते. खोडकर मुलांना कोळसा.

माझं एक वाक्य असं आहे: "ती म्हातारी आवाज न करता धुराड्यातून खाली आली आणि गुणी मुलांचे मोजे खाऊने भरून, वाईट मुलांच्या मोज्यांत शिक्षा म्हणून थोडा कोळसा ठेवून निघून गेली." वर्गात वाचलं तर निम्मे लोक अडकले, आणि कोळसा का ठेवला हे कोणालाच कळलं नाही. तळटीप द्यायची का?

महालचा_वाचक
तळटीप नकोच. सगळं आपल्याकडचं करून टाका. बेफाना म्हणजे चेटकीण, झाडूवर उडते म्हटल्यावर दुसरं काय? आणि जानेवारीच आहे, तर संक्रांत आणि तिळगूळ घाला. लगेच कळेल.

दोन_भाषांमधे
चेटकीण लिहू नका. आपल्या गोष्टीतली चेटकीण मुलांना पळवते. बेफाना मुलांना खाऊ देते. पहिल्याच ओळीत चेटकीण म्हटलं की वाचक शेवटपर्यंत ती काहीतरी वाईट करील म्हणून थांबून राहतो. "बेफाना नावाची म्हातारी" एवढं पुरे. हे नाव एपिफानिया या सणावरून आलं आहे, 6 जानेवारीचा सण, इटलीत त्या दिवशी सुट्टी असते.

संक्रांतीचं निम्मं बरोबर आहे. "आपल्या संक्रांतीच्या आठेक दिवस आधी" असं गोष्ट सुरू करण्यापूर्वी वर्गात सांगा, थंडीचे दिवस लगेच डोळ्यासमोर येतात. पण तिळगूळ घातला की कोळशाला जागाच उरत नाही, आणि गोष्ट तर कोळशावर उभी आहे.

आता तुमचं वाक्य. ते लांब आहे हे खरं, पण वाचक अडकले ते दोन शब्दांवर. "खाली" म्हणजे हिंदीत रिकामा. शेजारीच मोजे आहेत, म्हणून त्यांना वाटलं मोजे रिकामे आहेत. "शिक्षा" म्हणजे हिंदीत शिक्षण. "शिक्षा म्हणून कोळसा" वाचून त्यांना काय कळणार? सोपं मराठी लिहिताना आपण अवघड शब्द शोधून काढतो. हिंदी वाचकाला धोका ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दांचा जास्त. "राग" तसाच, हिंदीत तो गाण्यातला. मसुदा झाला की असे शब्द लाल पेनाने घेरा आणि एकेक बदला. खाली आली ऐवजी "आत उतरली". शिक्षा हा शब्द तर काढूनच टाका, ती घडताना दाखवा:

"रात्र झाली. बेफाना छपरावर आली. छपरावर धुराडे होते. धुराडे म्हणजे धूर बाहेर जायची वाट. ती धुराड्यातून आत उतरली. तिने आवाज केला नाही. भिंतीवर मुलांचे लांब मोजे टांगलेले होते. चांगल्या मुलांच्या मोज्यांत तिने मिठाई ठेवली. एक मुलगा वर्षभर सगळ्यांना त्रास देत होता. त्याच्या मोज्यात तिने कोळसा ठेवला. सकाळी त्या मुलाने मोज्यात हात घातला. हात काळा झाला. मिठाई नव्हती."

सगळी वाक्यं दोन ते सात शब्दांची. "खाऊ" ऐवजी मुद्दाम "मिठाई", कारण हिंदीत "खाऊँ" ऐकू येतं. धुराडे हा एकच नवा शब्द आहे, आणि तो पुढच्याच वाक्यात उलगडला आहे.

कोराडी_रोड
नागपुरात कोळशाचं अजून एक आहे. इकडे कोळसा म्हणजे उमरेडच्या खाणी, कोराडीचं वीज केंद्र. माणसं म्हणतील, कोळसा दिला म्हणजे कामाची वस्तू दिली की! त्यामुळे "हात काळा झाला" हे वाक्य हवंच. आणि आजकाल इटलीत साखरेचा काळा कोळसा मिळतो, तो मुलं आवडीने खातात. आपल्या होळीच्या गाठीसारखी कडक साखर, फक्त काळी आणि जाळीदार. हे गोष्टीत घालू नका, नाहीतर शिक्षा लटकी वाटते. गोष्ट संपल्यावर दोन ओळींत सांगा.

इतवारीकर
माझी अडचण अशीच आहे. माझ्या इटालियन गोष्टीत गरीब घरात रोज पोलेंता खातात. मी "मक्याचा उपमा" लिहिलं. बरोबर आहे का?

दोन_भाषांमधे
उपम्याला फोडणी असते, तो नाश्त्याला असतो. पोलेंता मक्याचं जाड पीठ पाण्यात बराच वेळ ढवळून घट्ट शिजवतात. विदर्भात "मक्याच्या कण्या" म्हटलं की गरिबाचं जेवण हेही आपोआप कळतं. एकदा "पोलेंता, म्हणजे मक्याच्या कण्या" लिहा, मग फक्त पोलेंता. पण वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

शाईची_दौत
फार उपयोगी पडलं. झाडूबद्दल सांगा. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणी पुजतो, तिला पाय लागू देत नाही. इथे बाई तिच्यावर बसून उडते.

दोन_भाषांमधे
बदलू नका, झाडू गोष्टीतच उगवलेला आहे. राजे आले तेव्हा ती झाडत होती आणि झाडण्यासाठीच ती थांबली. तो पहिला प्रसंग नीट लिहा, मग उडणं वेगळं वाटत नाही. शब्द "झाडू"च ठेवा. "फडा" वर्गात तोंडी सांगा, बाजारात ऐकू येईल. पण मराठीत तो झाडू, हिंदीत बहुतेक लोक ती झाड़ू म्हणतात. म्हणून "तिचा झाडू" दोन-तीन वेळा येऊ द्या, कानाला सवय होते.

संवादात एक चूक हमखास होते. हिंदीत "उसने कहा", म्हणून वाचक "तिने म्हणाली" म्हणतात. गोष्टभर "ती म्हणाली", "राजे म्हणाले" एवढंच वापरा, मधेच "म्हटले" नको. राजे तिला "आजी, तुम्ही" म्हणतील. अनोळखी म्हातारीला "तू" नको.

महालचा_वाचक
चेटकीण मागे घेतो. पण "हात काळा झाला" मुळात नाही ना? मग हे भाषांतर कसलं?

दोन_भाषांमधे
आक्षेप योग्य आहे. इटालियन वाचकाला जे न सांगता दिसतं तेवढंच मी घालतो, नवीन प्रसंग घालत नाही. तरी शीर्षकाखाली "सुलभ रूपांतर" लिहावं, "अनुवाद" नाही.

कोराडी_रोड
मला तरी ते जास्तच वाटतं. "त्याला फक्त कोळसा मिळाला" एवढ्यानेही भागलं असतं. "फक्त" हिंदीतही "फ़क़त" म्हणून कधीकधी ऐकू येतो.

शाईची_दौत
दोन्ही छापून पुढच्या शनिवारी अर्ध्या-अर्ध्या वर्गाला देते. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारीन: मुलगा खूश झाला की नाही? उत्तरं इथे लिहीन. आणि "ठेवले" की "ठेवलं"? कानावर "ठेवलं" पडतं, शाळेच्या पुस्तकात "ठेवले" असतं. आत्ता मसुद्यात "ठेवले" आहे.

इतवारीकर
बोलायला शिकत असतील तर "ठेवलं".

दोन_भाषांमधे
आणि पाट्या, अर्ज, वर्तमानपत्र वाचायचं असेल तर "ठेवले". वर्गाला काय हवं आहे ते आधी विचारा.