‘छायाचित्रकथा’ म्हटलं की मुलं काय पाठवतील?

संपादक बाई, सदाशिव पेठ
शाळेच्या वार्षिक अंकासाठी सूचना लिहितेय. मसुदा असा:

“इयत्ता सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंची छायाचित्रकथा ३० नोव्हेंबरच्या आत पाठवावी. चौकटी चार ते सहा, एका पानात. फोटोत दिसणाऱ्यांची संमती आवश्यक.”

मला कॉमिक हवंय, फोटोंच्या चौकटी आणि त्यांत बोलण्याचे फुगे. ते या शब्दातून कळतं का?

पेठकर
कळतं की. चित्रकथा म्हणजे कॉमिक, मग छायाचित्रकथा म्हणजे फोटोंचं कॉमिक.

मांडणीवाला
फोड बरोबर आहे, पण वर्तमानपत्रांतल्या वापरामुळे अर्थ सरकलाय. तिथे छायाचित्रकथा म्हणजे फोटो आणि खाली ओळी. मुलं पालखीचे सहा फोटो पाठवतील. कॉमिकमध्ये गोष्ट एका चौकटीतून दुसरीत जाताना पुढे सरकायला हवी. पहिल्या चौकटीत मुलगी पीएमटीच्या थांब्यावर, दुसरीत ती धावत बसमध्ये चढतेय, तिसरीत नुसता चेहरा आणि फुगा: “ही कात्रजची नाहीये?” म्हणून ‘फोटो-कॉमिक’ लिहा आणि ‘संवाद फुग्यांतच हवेत’ हेही लिहा.

फोटो काढतानाच डोक्याच्या वर जागा सोडायला सांगा. नाहीतर फुगा कपाळावर बसतो आणि तो मागाहून हलवायला जागा नसते.

आणखी एक. छपाईला ए-४ पान साधारण ३५०० पिक्सेल उंच लागतं. तयार पान व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखं पाठवलं की ते निम्म्याहून लहान होतं. चेहरे निभावतात, पण फुग्यांतल्या वेलांट्या आणि अनुस्वार फुटतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवावे’ हे शब्द सूचनेत घालाच.

एक पालक
माझ्या मुलाने सारसबागेत फोटो काढले. मागे फिरायला आलेली कितीतरी माणसं आहेत. सगळ्यांची संमती कुठून आणायची? त्याने ते फोटोच बाद केले.

संपादक बाई
नको हो, तसा हेतू नव्हता. ‘दिसणाऱ्यांची’ऐवजी ‘ओळखू येणाऱ्यांची’ करते. पात्रं झालेल्या मुलांच्या पालकांची सही मात्र हवी.

सातारकर
‘३० नोव्हेंबरच्या आत’ म्हणजे आमच्याकडे २९ला काम संपलं पाहिजे.

पेठकर
छे, आमच्याकडे ३० धरतात.

मांडणीवाला
दोन्ही ऐकलंय. ‘पर्यंत’मध्ये ३० येते असं मी मानतो, पण दिवसातली वेळ त्यातही राहते. ‘३० नोव्हेंबर, दुपारी ४ वाजेपर्यंत’ असं लिहा.

संपादक बाई
तारीख तुम्ही म्हणता तशी, वेळेसकट घेते. शब्दाचं अडलंय. मुख्याध्यापकांना शीर्षकात ‘फोटो-कॉमिक’ नको, मराठी शब्द हवा. ‘फुग्यांची फोटोकथा’ कसं वाटतं?

पेठकर
फुगेवाल्याची गोष्ट वाटते. छायाचित्रकथाच ठेवा, खाली एक नमुना चौकट छापा.

मांडणीवाला
नमुना छापाच. पण शब्दाला माझा अजून विरोध आहे.