'व्यापारशर्ती' म्हणजे अटी का?

पानसुपारी
अर्थशास्त्राचे सरावप्रश्न मराठीत आणण्याचं काम करते आहे. गणित रिकार्डोचं, १८१७ सालच्या त्याच्या ग्रंथातलं. एक माप कापड तयार करायला इंग्लंडमध्ये १०० माणसांची वर्षभराची मेहनत लागते, एक माप वाईनला १२० माणसांची. पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि वाईनला ८०. प्रश्नाचा शेवट मी असा केला होता: 'दोन्ही देशांना लाभदायक ठरतील अशा व्यापारशर्तींची मर्यादा काढा.' तपासणाऱ्या बाईंनी 'शर्ती' खोडून 'अटी' केलं, सोपं व्हावं म्हणून. मग मुलांनी काय लिहिलं? जकात कमी असावी, माल वेळेवर पोचावा, पैसे रोखीने मिळावेत. आकडेमोड कुणी केलीच नाही. मला मुलांची चूक वाटत नाही. उत्तर एक आकडा आहे, एका वस्तूच्या बदल्यात दुसरी किती, हे शब्दातूनच कळायला हवं. तुम्ही काय म्हणता याला?

निर्मळ
'शर्त' मुळात अरबी आहे, तो गेला हे बरंच झालं. 'विनिमय दर' म्हणा, प्रश्न मिटला.

उंबरठा
मिटत नाही. 'विनिमय दर' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर रुपया आणि डॉलर येतात. इथे पैसाच नाही, कापड आणि वाईन आहे. आणि अरबी-फारसीचा विटाळ असेल तर दररोज, दरमहा, दरसाल यांतला 'दर' कुठून आला?

निर्मळ
तो 'दर' वेगळा, भावाच्या अर्थाचा वेगळा.

उंबरठा
वेगळा कशावरून? 'शेकडा काय दर' यात 'प्रत्येक शेकड्याला' हाच अर्थ दिसतो मला.

लंबक
शब्दाचं मला कळत नाही, गणित मात्र सोडवलं. माझं उत्तर ०.८३ ते १.१२५ येतंय. ताई, तुमच्या उत्तरपत्रिकेत काय आहे?

पानसुपारी
०.८९ ते १.२.

लंबक
मग उत्तरपत्रिका चुकली आहे. मी दोनदा तपासलं. इंग्लंडचे १०० भागिले १२०, पोर्तुगालचे ९० भागिले ८०.

जुनी वही
लंबक, तुमचा भागाकार बरोबर आहे आणि उत्तरपत्रिकाही बरोबर आहे. तुम्ही एका मापाच्या कापडाला किती वाईन हे काढलंत, उत्तरपत्रिकेत एका मापाच्या वाईनला किती कापड हे आहे. १ ला १.२ ने भागून पाहा, ०.८३ येतील. १ ला १.१२५ ने भागा, ०.८९ येतील. एकाचं वरचं टोक उलटवलं की दुसऱ्याचं खालचं टोक होतं. म्हणून 'कशाला किती' हे प्रश्नात लिहिलेलं नसेल, तर दोन मुलं दोन उत्तरं देतील आणि दोन्ही खरी असतील.

पानसुपारी, माझं मत असं की घोळ 'शर्ती'चा कमी, अनेकवचनाचा जास्त आहे. अटी अनेक असतात, त्यांची यादी होते. हा मात्र एकच आकडा. वर्गात मी शब्द बाजूला ठेवून आधी गोष्ट सांगायचो. व्यापार नसताना इंग्लंडला एक माप वाईन काढायची तर १२० माणसं कापडावरून उठवावी लागतात. ती कापडावर राहिली असती तर १.२ मापं कापड झालं असतं. म्हणजे इंग्लंडला घरची वाईन १.२ कापडाला पडते. पोर्तुगालात ८० माणसं वाईनवर गेली की ८० भागिले ९०, म्हणजे ०.८९ कापड बुडतं. आता पोर्तुगालला आपल्या वाईनचे ०.८९ पेक्षा जास्त कापड मिळालं तरच ती विकण्यात अर्थ. इंग्लंडला १.२ पेक्षा कमी कापड द्यावं लागलं तरच ती घेण्यात अर्थ. मधली जागा हेच उत्तर. रिकार्डोने स्वतः एकास एक धरलं, ते बरोबर या जागेत बसतं. त्या भावाला पोर्तुगालची १० माणसांची मेहनत वाचते, इंग्लंडची २० माणसांची.

माजघर
हे तर आमच्या दारात व्हायचं! बोहारीण यायची, डोक्यावर पाटी. आई दोन जुन्या साड्या आणि बाबांची पँट काढायची, ती एक पातेलं पुढे करायची. आई म्हणायची, एवढ्यात झाकणही दे. ती म्हणायची, मग अजून एक साडी टाका. अर्धा तास चालायचं. 'किती साड्यांना पातेलं' हाच सगळा प्रश्न असायचा, आणि त्याला आई 'बोली' म्हणायची: 'तीन साड्यांच्या बोलीवर घेतलं.' तोच शब्द का नको?

जुनी वही
माजघर, शब्द फार चांगला काढलात. एक फरक सांगतो. बोहारणीच्या व्यवहारात दोघींपैकी कुणी काही तयार करत नाही, असलेलं बदलून घेतात. तिथे टोकं कुठली हे ज्याच्या त्याच्या गरजेवर. इथे टोकं प्रत्येक देशाच्या घरच्या खर्चावरून ठरतात, म्हणून ती गणिताने काढता येतात. आतला नेमका आकडा मात्र गणित देत नाही. तिथे तुमच्या आईसारखी घासाघीसच आहे. कुणाला दुसऱ्याच्या मालाची किती ओढ, त्यावर तो आकडा कुठे थांबतो हे पुढे जॉन स्टुअर्ट मिलने मांडलं.

लंबक
एक कळलं नाही. पोर्तुगाल दोन्ही वस्तू कमी माणसांत करतो. मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावंच का? पुस्तकात याला 'तुलनात्मक लाभ' म्हणतात, त्यातला 'लाभ' म्हणूनच मला खोटा वाटतो.

उंबरठा
'तुलनात्मक' हा शब्द घसरतो तिथे. वाचणारा पोर्तुगालची तुलना इंग्लंडशी करतो. खरी तुलना प्रत्येकाच्या घरातल्या दोन कामांची आहे. पोर्तुगालला ९० माणसं कापडावर बसवण्यापेक्षा ८० माणसं वाईनवर लावून एका मापाला एक माप कापड आणलं तर १० माणसं मोकळी होतात. इंग्लंडपेक्षा कमी माणसांत होतं म्हणून कापड घरी करणंच स्वस्त ठरतं असं नाही.

लंबक
आता पटलं. पण मग १.२ हेही उत्तरात धरायचं ना? 'ते' म्हटलं की दोन्ही टोकं आली.

जुनी वही
नाही. नेमक्या १.२ ला इंग्लंडला घरी काढणं आणि आणवणं सारखंच, सगळा फायदा पोर्तुगालचा. ०.८९ ला उलट. 'दोन्ही देशांना लाभदायक' म्हटलंय, म्हणून टोकं वगळायची. '०.८९ आणि १.२ यांच्या दरम्यान' लिहा. शिवाय हे सगळं गाडा-जहाजाचं भाडं शून्य धरून. भाडं आलं की दोन्ही टोकं आत सरकतात, आणि ते फार असलं तर मधे जागाच उरत नाही.

उंबरठा
'दरम्यान'मध्ये टोकं वगळलीच जातात असं मला वाटत नाही. 'पुणे ते मुंबई दरम्यान' म्हणताना पुणं वगळतो का आपण?

जुनी वही
गाडीचं असेल, गणिताचं तसं नाही. 'पेक्षा जास्त, पेक्षा कमी' लिहा, म्हणजे वाद नको.

पानसुपारी
मग हे कसं वाटतं: 'एका मापाच्या वाईनच्या बदल्यात किती मापं कापड दिलं-घेतलं तर दोन्ही देशांचा फायदा होईल? आकडा कशापेक्षा जास्त आणि कशापेक्षा कमी हवा?' यात शर्तीही नाहीत, अटीही नाहीत.

माजघर
आणि बोलीही नाही. वाईट वाटलं.

उंबरठा
पण परीक्षेत 'व्यापारशर्ती' हाच शब्द आला तर? मुलांना तो ओळखीचा हवाच. पुस्तकी शब्द काढून टाकणं म्हणजे मुलाला पुढच्या पुस्तकापाशी एकटं सोडणं.

निर्मळ
ते राहू द्या. 'वाईन' कशाला ठेवली आहे? 'द्राक्षासव' हा उत्तम शब्द आहे आपल्याकडे.

माजघर
द्राक्षासव आमच्या औषधाच्या कपाटात आहे. जेवणानंतर दोन चमचे, पाण्यात.

निर्मळ
मग 'द्राक्षमद्य'.