वही शेजारी ठेवली की झालं?

वर्गशिक्षक_फोंडा: नववीतल्या मुलाने ‘पावसाळ्यातले कुळागर’ हा निबंध घरून टाइप करून आणलाय. वर्गातल्या वहीत ओळीओळीला चुका, इथे एकही नाही. वही शेजारी ठेवली की चोरी उघड. शून्य देतोय. कुणाची हरकत?

खडू_डस्टर: माझी आहे. वहीतलं काय ठेवलंत शेजारी? चाचणीत घाईघाईत लिहिलेलं पत्र आणि आठवडाभर घरी बसून केलेलं वर्णन यांची तुलनाच होत नाही. याच सत्रातले, वर्गातच लिहिलेले निदान तीन वर्णनात्मक निबंध काढा. ते चुकांसकट टाइप करा, कारण अक्षर गचाळ दिसलं की मजकूरही कच्चा वाटायला लागतो. ऱ्हस्व-दीर्घ मोजूच नका. कीबोर्डने सुचवलेला शब्द उचलला की ‘परिक्षा’ची ‘परीक्षा’ होते. वाक्यं किती लांब, कशाने जोडलेली, परिच्छेद कुठे तुटतो, ते बघा.

शुद्धलेखनप्रेमी: वा! म्हणजे शुद्धलेखन गेलं उडत! अहो, चुकीची सवय हाच तर मुलाचा ठसा.

खडू_डस्टर: अर्धं बरोबर. ठसा सापडला तर तो मुलाच्या बाजूने बोलतो. नाही सापडला म्हणून चोरी ठरत नाही. वहीत तो ‘धाकटी बहीण आलं’ असं लिहितो का? घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांच्या लिहिण्यात हे नपुंसकलिंग येतं, आणि ‘आलं’ हा शब्द शुद्धच असल्याने कीबोर्ड त्याला हात लावत नाही. निबंधात ‘बहीण सुपाऱ्या वेचत होतं’ निघालं, तर शून्य द्यायच्या आधी थांबा.

मांडवीकाठ: आलं का शेवटी कोंकणीवर! मराठी बिघडली की खापर आमच्याच डोक्यावर.

खडू_डस्टर: बिघडली कोण म्हणालं? त्याच वळणामुळे पोरगा सुटेल, असं म्हणतोय मी. नीट वाचा तरी.

मांडवीकाठ: वाचलं. ‘चुकीची सवय’ हेही वाचलं.

शुद्धलेखनप्रेमी: मराठीच्या पेपरात ती चूकच, गुण कापणारच!

डिचोलीची_आई: माझ्या मुलीचे निबंध तिचा मामा तपासतो. मग तीही चोर?

खडू_डस्टर: ताई, तपासून दिला तर कच्चा खर्डा असतो. तो मागवा. खोडाखोड दिसली की मामाचा हात कुठे फिरला तेही कळतं.

वर्गशिक्षक_फोंडा: खर्डा नाही म्हणतो. आता?

खडू_डस्टर: निबंधातले दीडशे शब्द घ्या, दर सातवा गाळा. एकवीस जागा होतील. त्याच्याकडून भरून घ्या. पण त्याच्याच वर्गातल्या निबंधाचाही असाच उतारा त्याच दिवशी द्या, कारण स्वतःचं लिहिलेलंही पोरं विसरतात. दोन्हींत सारखंच अडखळला तर त्यातून काहीच निघत नाही. स्वतःचा झरझर भरला आणि कुळागरात अडला, तर संशयाला आधार मिळतो. तोही आधारच, निकाल नव्हे. एवढ्याशा मजकुरावरून लेखक ठरत नाही.

शुद्धलेखनप्रेमी: आणि पाठ करून आला तर?

खडू_डस्टर: तर ही युक्ती फसते. मग त्याच विषयावर अर्धा तास वर्गात लिहायला बसवा, तेही न सांगता.

वर्गशिक्षक_फोंडा: धन्य आहे! एका निबंधापायी अख्खी न्यायसभा. बरं, शून्य तूर्त राखून ठेवतो. पण उतारे तुम्ही टाइप करून देणार का?