पत्रिकेची इंग्रजी बाजू हे भाषांतर असावे की स्वतंत्र मजकूर?

अनघा :
लग्नपत्रिकेतील पारंपरिक मराठी मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि इंग्रजी बाजूला त्याचेच ओळीला ओळ असे भाषांतर छापावे, असे माझे ठाम मत आहे. ‘तरुणांना जुनी भाषा कळत नाही’ ही केवळ सबब आहे. त्यांना अर्थ हवा असेल तर तो पलीकडच्या बाजूला मिळेल आणि परंपराही अबाधित राहील. मुलीच्या पत्रिकेचा मजकूर मी याच पद्धतीने तयार करत आहे. यात कोणाला काही अडचण दिसते का?

वसुधा :
अडचण दिसते, आणि नातलगांच्या पत्रिकांचे मजकूर तपासून देण्याचे काम गळ्यात पडल्यापासून ती दर हंगामात दिसते, म्हणून सविस्तर लिहिते.

मराठी पत्रिका हे मुळात पत्र आहे. ते ‘स. न. वि. वि.’ने सुरू होते, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या’ असे प्रथमपुरुषी पुढे जाते आणि तळाशी ‘आपले विनीत’ लिहून त्याखाली यजमानांची नावे येतात. ‘आमची’ म्हणजे नेमकी कोणाची हे शेवटी कळते, पण पत्राखाली सही असतेच हे मराठी वाचकाला ठाऊक असल्यामुळे त्याला ते खटकत नाही. इंग्रजी औपचारिक निमंत्रण हे पत्र नव्हे. तेथे यजमानांची नावे सर्वांत वर असतात, सगळे वाक्य तृतीयपुरुषी असते आणि खाली सही नसते. तुम्ही ओळीला ओळ भाषांतर केलेत की इंग्रजी वाचणारा ‘अवर एल्डेस्ट डॉटर’पाशी अडखळतो आणि ही मुलगी कोणाची हे शोधत पानाच्या तळापर्यंत जातो.

दुसरी अडचण क्रियापदाची आहे. ‘करण्याचे योजिले आहे’ यात मराठी कानाला नम्रता ऐकू येते, कारण कार्य आमच्या हातून नव्हे तर श्रीकृपेने घडणार आहे, असा त्यातला भाव आहे. आमच्या नात्यातल्या एका पत्रिकेत याचे ‘हॅज बीन प्लॅन्ड’ असे भाषांतर छापले गेले आणि दोन पाहुण्यांनी फोन करून तारीख नक्की झाली आहे की अजून ठरायची आहे, असे विचारले. शब्द बरोबर होते, पण भाव उलटा पोहोचला.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोन बाजूंनी वेगवेगळी माणसे बोलावणे. ‘सहकुटुंब सहपरिवार’ यातल्या ‘कुटुंब’ शब्दाचा जुन्या मराठीत पत्नी असा अर्थ होता, त्यामुळे पूर्वी ती द्विरुक्ती नव्हती. आज तरुण वाचकाला तोच शब्द दोनदा आल्यासारखे वाटते. ते एक वेळ चालेल. परंतु मराठी बाजूला सगळे घर बोलावायचे आणि इंग्रजी बाजूला दोघांपुरतीच जागा राखल्याचे सुचवायचे, अशी पत्रिका मी स्वतः पाहिली आहे. ज्याने जी बाजू वाचली त्याने त्याप्रमाणे तयारी केली आणि मनस्ताप यजमानांच्या वाट्याला आला.

म्हणून दोन्ही बाजूंची वाक्यरचना वेगळी असू द्यावी. कोण बोलावते, कोणाचे लग्न, केव्हा व कोठे, आणि कोणाला बोलावले आहे, एवढ्या चार गोष्टी मात्र दोन्हीकडे तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मी तुमच्या जागी असते तर मराठी बाजू अशी लिहिली असती:

‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आमच्या येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या … हिचा शुभविवाह श्री. व सौ. … यांचे चिरंजीव … यांच्याशी शुक्रवार, दि. २० फेब्रुवारी २०२६, फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १९४७ रोजी … येथे करण्याचे योजिले आहे. या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांना आशीर्वाद आणि शुभेच्छा द्याव्यात, ही आग्रहाची विनंती. आपले विनीत, …’

‘योजिले’ आणि ‘श्रीकृपेकरून’ हे जुने शब्द ठेवले, कारण अर्थ संदर्भाने लागतो आणि पत्रिकेचा सूर त्यांच्यातच आहे. ‘स. न. वि. वि.’ मात्र पूर्ण लिहिले. आशीर्वादाला शुभेच्छांची जोड अशासाठी दिली की वधूच्या मैत्रिणी आणि धाकटी भावंडे हीसुद्धा पाहुणेच आहेत, आणि त्यांनी वडीलधाऱ्यांसारखे आशीर्वाद द्यावेत ही अपेक्षा विचित्र वाटते. इंग्रजी बाजूला वर यजमानांची नावे, मग ‘रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी’, मग वधूवरांची नावे, वार, तारीख, स्थळ आणि ‘विथ फॅमिली’ एवढे पुरते. श्रीकृपा तेथे बळेच आणू नये. वरच्या गणेशाच्या ओळीत ती दोन्ही वाचकांना दिसतेच.

अनिकेत :
वसुधाताई, बहुतेक मुद्दे पटले, पण दोन चुका दाखवतो. एक म्हणजे २०२६मधून ७८ वजा केले की १९४८ येतात, त्यामुळे तुमचा शके चुकला आहे. दुसरे म्हणजे अनघाताईंच्या मजकुरातील ‘आमचे येथे’ हे सरळ अशुद्ध आहे. आणि जो शके निम्म्या पाहुण्यांना मोजता येत नाही, तो छापायचा तरी कशाला?

वसुधा :
शके गुढीपाडव्याला बदलतो, एक जानेवारीला नव्हे. २०२६चा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणून त्याआधीच्या लग्नाला ७९ वजा करावे लागतात आणि १९४७ हाच बरोबर ठरतो. जानेवारी ते मार्चच्या पत्रिकांमध्ये ही चूक मला इतक्या वेळा सापडते की शके आता मी सर्वांत आधी तपासते. ‘आमचे येथे’बद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. आजच्या प्रमाण लेखनात ‘आमच्या’ हवे, पण जुन्या पत्रलेखनात ‘आमचे’ सर्रास चालत असे, त्यामुळे त्याला अशुद्ध म्हणण्यापेक्षा जुने म्हणणे योग्य. मी बदलले ते वाचणारा अडखळू नये म्हणून.

तिथीबाबत मात्र आणखी एक खबरदारी सांगते. आपला महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, परंतु आपला माघ वद्य पक्ष त्यांच्याकडे फाल्गुनात मोजला जातो. त्यामुळे वद्य पक्षातली तिथी इंग्रजी बाजूला छापली आणि पाहुण्यांत उत्तरेकडची मंडळी असली, तर त्यांच्या दृष्टीने महिनाच चुकलेला असतो. तिथी मराठी बाजूपुरती ठेवणे बरे.

सुहास :
मला या चर्चेत एकच प्रश्न विचारायचा आहे. वधूचे नाव रोमन लिपीत पासपोर्टप्रमाणे लिहावे की उच्चाराप्रमाणे? आमच्याकडे यावरून आठवडाभर वाद झाला.

वसुधा :
सुहासराव, प्रश्न वेगळा आहे. तरीही, ती स्वतः जसे लिहिते तसे लिहावे.

माधवराव :
वसुधाबाईंच्या नमुन्यातून ‘चि. सौ. कां.’ गुपचूप गळले आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही का? चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी या दोन शब्दांत दीर्घायुष्य आणि सौभाग्य दोन्ही चिंतिले आहे. तरुणांना कळत नाही म्हणून ते काढायचे, मग उद्या ‘श्री.’ आणि ‘सौ.’ही काढा. इंग्रजीत तर ‘मिसेस’ लिहिले की सधवा कोण आणि विधवा कोण हा भेदच पुसला जातो. मराठीत सौ., श्रीमती आणि गं. भा. अशी नेमकी व्यवस्था आहे आणि ती पाळलीच पाहिजे.

रेवती :
माधवकाका, तुमच्या या नेमक्या व्यवस्थेने माझ्या पत्रिकेत काय केले ते ऐका. माझे वडील लग्नाच्या दोन वर्षे आधी गेले. आम्ही आईच्या नावापुढे ‘श्रीमती’ लिहून मजकूर दिला होता. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला न विचारता तो बदलून ‘गं. भा.’ केला. इंग्रजी बाजू त्यावरून शब्दशः उतरवली होती, म्हणून तेथे वर ‘लेट’ असे लिहून वडिलांचे नाव आणि खाली ‘रिक्वेस्ट द प्लेझर’ आले. म्हणजे इंग्रजी बाजूला माझे दिवंगत वडील पाहुण्यांना बोलावत होते, आणि मराठी बाजूला माझी आई स्वतःच्या मुलीच्या लग्नात आधी विधवा आणि मग यजमान होती. तिने ती पत्रिका एकदा वाचली आणि देव्हाऱ्यापुढे ठेवायलाही नकार दिला. भेद पुसला जातो याचे तुम्हाला दुःख आहे. आम्हाला तो पुसूनच हवा होता.

माधवराव :
एका घरात चूक झाली म्हणून भाषेचा नियम चुकीचा ठरत नाही. ‘श्रीमती’ म्हणजे विधवा, हे सर्वांना माहीत आहे.

वसुधा :
सर्वांना नाही. ‘श्रीमती’ हे ‘श्रीमान’चे साधे आदरार्थी स्त्रीरूप आहे. मराठीत ते रूढीने विधवांसाठी वापरले जाऊ लागले, पण हिंदीत तोच शब्द विवाहितेसाठी नित्य लिहिला जातो. एकच पत्रिका वाचणारे दोन पाहुणे त्यातून दोन वेगळे अर्थ काढत असतील, तर त्याला नेमकी व्यवस्था म्हणणे कठीण आहे.

रेवतीच्या पत्रिकेत मुळात दोन भाषांची गल्लत झाली. मराठीत ‘कै. … व श्रीमती … यांची कन्या’ हे बिनचूक आहे, कारण तेथे केवळ नाते सांगितले आहे आणि नाते मृत्यूने संपत नाही. इंग्रजीत वरची ओळ निमंत्रण देणाऱ्याची असते, म्हणून तेथे हयात व्यक्तीचेच नाव यावे आणि दिवंगतांचा उल्लेख ‘डॉटर ऑफ’नंतर करावा. आईच्या उपाधीबद्दल माझा उपाय असा की एकट्या तिचीच उपाधी काढू नये, कारण तिच्या नावापुढची मोकळी जागाच मोठ्याने बोलते. काढायच्या तर सर्वांच्या उपाध्या काढाव्यात.

माधवराव :
वा, म्हणजे माझे ‘श्री.’ही गेले! रेवती, तुझ्या आईला विचारायला हवे होते, एवढे मान्य करतो. गं. भा. माझ्या स्वतःच्या आईलाही आवडत नसे. तरी आम्ही ते लिहीत असू, हेही आता लिहून टाकतो. ‘चि. सौ. कां.’वरून मात्र मी तसूभरही हलणार नाही.

अनिकेत :
काका, त्याच्यावरून आम्हीही हलणार नाही. माझ्या वर्गमित्राने ती अक्षरे वधूच्या नावाची आद्याक्षरे समजून भेटीच्या पाकिटावर जशीच्या तशी उतरवली होती. ठेवायचेच असेल तर ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ असे पूर्ण छापा, म्हणजे निदान वाचता येईल. वराला दीर्घायुष्य आणि वधूला दीर्घायुष्यासह नवऱ्याचे दीर्घायुष्य, अशी वाटणी का, हा प्रश्न तरीही उरतोच. आणि हो, शकेबाबत मी चुकलो.

वसुधा :
पूर्ण छापावे, हे मला पटते. ठेवावे की नाही, हे मी वधूला विचारते आणि ती सांगेल तसे करते. वर्षभरात आलेल्या दोन्ही प्रकारच्या उत्तरांमुळे माझे स्वतःचे मत अजून बनलेले नाही.

अनघा :
मी विचारले होते भाषांतराबद्दल आणि उत्तर मिळाले श्रीमतींबद्दल, पण असो. काल रात्री माझ्या भाचीला इंग्रजी मसुदा वाचायला दिला आणि ‘बोलावते कोण?’ असे विचारले. तिने खरोखरच कागद उलटापालटा करून तळ शोधला. तेव्हा शब्दशः भाषांतर मागे घेते, नावे वर नेते आणि ‘विथ फॅमिली’ दोन्ही वेळा तपासते. ‘आमचे येथे’ मात्र माझ्या आईच्या पत्रिकेत होते, म्हणून ते राहील. अनिकेतला ते जुने वाटले तरी चालेल. ‘चि. सौ. कां.’ ठेवायचे असे मी परस्पर ठरवले होते, आणि वधूने हा सगळा धागा आताच वाचल्याचे खोलीतून ओरडून कळवले आहे, त्यामुळे ती ओळ तूर्त कोरी आहे.